फोटोवरून टायट्रेशनचा एंड पॉइंट कसा ठरवावा: विहिरीचे पाणी, ईडीटीए आणि जांभळा दिसणारा फ्लास्क

प्रश्न: मी गोव्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बार्देशातल्या किनाऱ्याजवळच्या विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा मोजतेय. ५० मिली पाणी, ०.०१ मोलर ईडीटीए, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी. सरांना दाखवता यावेत म्हणून ६ ते ९ मिलीपर्यंत दर अर्ध्या मिलीला मोबाइलवर फोटो काढले. समोर बघताना रंग लाल-निळा बदललेला कळत होता, पण फोटोंत ७.५ पासून पुढचे सगळे फ्लास्क जांभळेच दिसतात. यातला एंड पॉइंटचा फोटो कुठला? आणि पुढच्या वेळी फोटोवरून खात्रीने सांगता येईल असं काही करता येतं का?

उत्तर:

आत्ताच्या फोटोंवरून तुम्हाला फक्त एक पट्टा सांगता येईल, नेमका आकडा नाही. पुढच्या वेळी मात्र फोटोवरून एका थेंबापर्यंत एंड पॉइंट नक्की मिळू शकतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. दोन जादा फ्लास्क, एक पांढरा कागद आणि मोबाइलचा मॅन्युअल मोड एवढं पुरतं.

आधी फ्लास्क जांभळा का दिसतो ते पाहू, कारण पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. इथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक रसायनाची आहे, दुसरी कॅमेऱ्याची.

रसायनाची बाजू अशी. पीएच १० ला सुटा एरिओक्रोम ब्लॅक टी निळा असतो आणि मॅग्नेशियमशी जोडलेला असताना वाइनसारखा लाल. ईडीटीए आधी कॅल्शियम उचलतो, मग मोकळा मॅग्नेशियम, आणि शेवटी इंडिकेटरच्या हातातला मॅग्नेशियम काढून घेतो. हा शेवटचा टप्पा एका थेंबात होत नाही. तुमच्या पाण्यासारख्या नमुन्यात, म्हणजे मॅग्नेशियम बऱ्यापैकी असेल तर, लाल रंगात निळसर झाक दिसायला लागल्यापासून निळा पक्का होईपर्यंत साधारण चार-पाच थेंब जातात. थेंब ०.०५ मिलीचा धरला तर हा पट्टा ०.२ ते ०.२५ मिलीचा झाला. तेवढ्या पट्ट्यात द्रावण खरोखरच जांभळं असतं, कारण लाल आणि निळा दोन्ही रूपं एकत्र असतात. पण तुमचे फोटो अर्ध्या मिलीच्या अंतराने आहेत. म्हणजे सात फोटोंपैकी फार तर एक खराखुरा जांभळा असायला हवा होता. बाकीचे जांभळे कॅमेऱ्याने केले.

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या वेळी व्हाइट बॅलन्स नव्याने ठरवतो. फ्रेममध्ये लाल जास्त दिसला की प्रकाशच लालसर आहे असं समजून तो चित्र निळ्याकडे ढकलतो. फ्लास्क निळा झाला की उलट करतो, चित्र पिवळ्या-लालकडे नेतो. फ्लास्क फ्रेमभर असेल तर हे जास्त जाणवतं. परिणाम असा की लाल फ्लास्क थोडा निळा होतो, निळा फ्लास्क थोडा लाल होतो आणि दोघे मधे जांभळ्यावर येऊन भेटतात. त्यातच ऑटो एक्स्पोजर असतं. इंडिकेटर जास्त पडून फ्लास्क गडद झाला की कॅमेरा चित्र उजळ करतो, मग दोन फोटोंमधला गडदपणाचा फरकही पुसला जातो. पावसाळ्यात खिडकीचा प्रकाश मिनिटामिनिटाला बदलतो, आणि खिडकीबाहेर माडांची बाग असेल तर आत येणाऱ्या उजेडात हिरवी झाक असते. डोळा या बदलांशी आपोआप जुळवून घेतो, म्हणून समोर बघताना तुम्हाला रंगबदल कळला. तुमच्या निरीक्षणात चूक नव्हती.

आत्ताच्या फोटोंचं काय करायचं

फोटोंत कुठे पांढरी टाइल, कागद किंवा ब्युरेट स्टँडची पांढरी फळी आली आहे का बघा. आली असेल तर प्रत्येक फोटोत त्या पांढऱ्याचं लाल आणि निळं मूल्य मोजून फ्लास्कची मूल्यं त्यांनी भागा. एवढ्यानेच बऱ्याचदा जांभळ्या फोटोंचे दोन गट पडतात. समजा ८.० मिलीचा फोटो लाल गटात गेला आणि ८.५ चा निळ्या गटात. मग तुम्ही लिहायचं की एंड पॉइंट ८.० आणि ८.५ च्या मधे आहे. ५० मिली नमुना आणि ०.०१ मोलर ईडीटीए असताना दर मिलीला २० मि.ग्रॅ. प्रति लिटर कठीणपणा होतो, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणजे उत्तर १६० ते १७०. भारतीय मानक १०५०० मधली स्वीकार्य मर्यादा २०० आहे, तेव्हा हे पाणी मर्यादेत आहे एवढं यावरून सांगता येतं. त्याहून बारीक काही या फोटोंतून काढू नका. मधला आकडा घेऊन १६५ लिहिणं हा अंदाज होईल, मोजमाप नव्हे.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रती यासाठी वापरू नका. तिथे फोटो दाबला जातो, रंगाचा तपशील आणखी खडबडीत होतो, शिवाय एक्स्पोजर आणि वेळेची माहितीही फाइलमधून जाते. मूळ फाइल मोबाइलवरून केबलने घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पुढच्या वेळची मांडणी: तीन फ्लास्क एका फ्रेममध्ये

सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. चालू टायट्रेशनच्या फ्लास्कच्या एका बाजूला पक्का लाल फ्लास्क ठेवा, दुसऱ्या बाजूला पक्का निळा, आणि तिन्ही एकाच फोटोत घ्या. कॅमेऱ्याने काहीही गडबड केली तरी ती तिघांवर सारखीच होते. मग प्रश्न ‘हा रंग कोणता’ असा राहत नाही. मधला फ्लास्क लालच्या किती जवळ आणि निळ्याच्या किती जवळ एवढंच बघायचं असतं, आणि ते फोटोतून चांगलं कळतं.

निळा फ्लास्क मुद्दाम वेगळा करायची गरज नाही. पहिलं टायट्रेशन आपण अंदाज घेण्यासाठी भरभर करतोच. ते एंड पॉइंटच्या पुढे अर्धा-एक मिली नेऊन थांबवा, बूच लावा आणि ठेवून द्या. त्याच विहिरीचं पाणी असल्यामुळे त्यात पाण्याचा स्वतःचा रंग आणि गढूळपणाही तसाच असतो, डिस्टिल्ड पाण्याच्या फ्लास्कात तो नसतो. लाल फ्लास्कसाठी आणखी ५० मिली नमुना, बफर, इंडिकेटर आणि ६ मिली ईडीटीए घ्या, वर २ मिली डिस्टिल्ड पाणी घाला. तिन्हींची एकूण पातळी ५८-६० मिलीच्या आसपास आली पाहिजे, कारण पातळी वेगळी तर प्रकाश द्रावणातून जातो ते अंतर वेगळं, आणि अंतर वेगळं तर गडदपणा वेगळा. फ्लास्कही एकाच कंपनीचे, २५० मिलीचेच घ्या.

इंडिकेटर तिन्हींत सारखा पडायला हवा. द्रावण वापरत असाल तर ड्रॉपरने मोजून दोन-दोन थेंब. मिठात खललेली पूड वापरत असाल तर चिमूट न घेता वजन करून घ्या. इथल्या दमट हवेत ही पूड ओल धरते, गठ्ठे होतात आणि एका चिमटीत दुसरीच्या दुप्पट इंडिकेटर जातो. पूड डेसिकेटरमध्ये ठेवा, हवी तेवढीच बाहेर काढा. द्रावण तर फार टिकत नाही. जुनं झालेलं द्रावण मळकट रंग देतं आणि फोटोत तो रंग लाल-निळ्याच्या मधला वाटतो.

मागे आणि खाली पांढरा कागद हवा. चकचकीत टाइलपेक्षा साधा ए-फोर कागद बरा, त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडत नाही. उजेड एकाच प्रकारचा ठेवा. खिडकी झाका आणि खोलीतल्या दिव्यांवर काम करा, किंवा दिवे बंद करून फक्त खिडकीवर, पण दोन्हींची भेसळ नको. फ्लॅश बंद. मोबाइल स्टँडला बांधा आणि फ्लास्कच्या समोर, द्रावणाच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. हातात धरलेल्या मोबाइलचा कोन दर फोटोला बदलतो आणि चमक वेगवेगळ्या जागी येते.

आता मॅन्युअल मोड. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो Pro नावाने असतो. त्यात WB ऑटोवरून काढून एका आकड्यावर पक्का करा, उदाहरणार्थ 5000K. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, तो सगळ्या फोटोंना एकच असणं महत्त्वाचं. ISO १०० किंवा फोन देईल तितका कमी. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. याचं कारण असं की आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर यापेक्षा वेगवान ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात आणि फ्लास्क नेमका एखाद्या पट्ट्यात सापडतो. एचडीआर, ब्यूटी, सीन ओळखून रंग खुलवणारी सेटिंगं, सगळी बंद करा. ज्या फोनच्या कॅमेरा अॅपमध्ये मॅन्युअल मोडच नाही, त्यात निदान एक्स्पोजर लॉक करा आणि व्हाइट बॅलन्सचं काम तीन फ्लास्क आणि कागदावर सोपवा.

पहिला फोटो काढला की पांढऱ्या कागदाची चमक तपासा. कागद पूर्ण पांढरा, म्हणजे तिन्ही रंगांत २५५, झाला असेल तर तो भागाकाराला निरुपयोगी आहे, कारण तिथे कॅमेऱ्याची मोजायची हद्दच संपलेली असते. तो २०० ते २३५ च्या दरम्यान येईल इतपत ISO कमी करा किंवा शटर १/५० असेल तर १/१०० करा.

वेळेचा हिशेब

इथे फोटोग्राफी आणि रसायन यांची ओढाताण होते. बफर घालून पीएच १० झाला की कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू साचायला लागतं, म्हणून बफर घातल्यापासून ५ मिनिटांत टायट्रेशन संपवायचं असतं. तुम्ही ६ मिलीपासून दर अर्ध्या मिलीला थांबून फोटो काढत गेलात. त्यात हा वेळ सहज उलटतो.

उपाय असा. पहिल्या भरभर टायट्रेशनवरून आकडा साधारण ८.४ आहे हे कळलेलं असतं. खऱ्या टायट्रेशनमध्ये ७.८ मिली ईडीटीए बफरच्या आधीच फ्लास्कमध्ये सोडा. बहुतेक कॅल्शियम तेव्हाच बांधलं जातं, साचायला फारसं उरत नाही. मग बफर १-२ मिली, मग इंडिकेटर, आणि ८.०० ला पहिला फोटो. पुढचा ८.२० ला, त्यापुढे ८.३० पासून एकेका थेंबाला. प्रत्येक थेंबानंतर चार-पाच सेकंद फ्लास्क फिरवा, खाली ठेवा, बुडबुडे विरेपर्यंत थांबा आणि मग फोटो. आठ फोटो आरामात पाच मिनिटांत बसतात.

ब्युरेटचं रीडिंग प्रत्येक फोटोबरोबर जोडलेलं असायला हवं. ब्युरेट त्याच फ्रेममध्ये घेऊन नंतर वाचू असं म्हणू नका. कॅमेरा फ्लास्कच्या उंचीवर असतो, ब्युरेटमधली पातळी त्याच्या बरीच वर असते, त्यामुळे तिरकस बघून वाचल्याची चूक होते आणि ती एका थेंबाहून मोठी असू शकते. डोळा पातळीवर नेऊन रीडिंग घ्या, ते कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि चिठ्ठी फ्लास्कपुढे ठेवून फोटो काढा. फोटो आणि आकडा मग कधीच वेगळे होत नाहीत.

फोटोतून आकडा काढणं

निळा इंडिकेटर लाल प्रकाश शोषतो, वाइन-लाल रूप तो फारसा शोषत नाही. म्हणून फोटोतला लाल चॅनेल बघायचा. एंड पॉइंट जवळ येताना फ्लास्कमधून येणारा लाल प्रकाश झपाट्याने घटतो आणि मग स्थिरावतो. प्रत्येक फोटोत फ्लास्कच्या मधला एक चौकोन घ्या, जिथे चमक, वरची कड, तळाची सावली किंवा चिठ्ठी येणार नाही. तसाच एक चौकोन फ्लास्कशेजारच्या कागदावर घ्या. दोन्हींची लाल सरासरी काढून गुणोत्तराचा लॉग घेतला की शोषणाचा आकडा मिळतो.

एक गोष्ट इथे हमखास निसटते. जेपीजी फोटोतले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, ते डोळ्यासाठी वाकवलेले असतात. आधी ते सरळ करायचे, मग भागायचे. पायथॉन येत असेल तर एवढंच पुरे:

```python
from PIL import Image, ImageOps
import numpy as np

im = ImageOps.exif_transpose(Image.open("8_40.jpg"))
a = np.asarray(im.convert("RGB")) / 255

def red(x, y, n=60):
    c = a[y:y+n, x:x+n, 0]
    s = np.where(c <= 0.04045, c/12.92, ((c+0.055)/1.055)**2.4)
    return s.mean()

paper = red(300, 900)
flask = red(1500, 1400)
print(round(-np.log10(flask / paper), 3))
```

x आणि y तुमच्या फोटोप्रमाणे बदला. मोबाइल स्टँडवर पक्का असेल तर एकदा ठरवलेले आकडे सगळ्या फोटोंना चालतात. exif_transpose वगळू नका. उभा काढलेला फोटो एरवी आडवा उघडतो आणि चौकोन भलत्याच जागी पडतो. फोन HEIC फाइल देत असेल तर सेटिंगमधून आधी जेपीजी निवडा. पायथॉन नको असेल तर ImageJ मध्ये चौकोन काढून लाल सरासरी घ्या आणि वरचं सूत्र एक्सेलमध्ये लिहा.

तुमच्यासारख्या पाण्यात आकडे कसे येतात त्याचा एक नमुना देतो. लाल फ्लास्कचा आकडा ०.२३ आणि निळ्याचा ०.५२ धरू. मधल्या फ्लास्कचे फोटो असे वाचले जातील: ८.०० ला ०.२३, ८.२० ला ०.२५, ८.३० ला ०.३०, ८.३५ ला ०.३६, ८.४० ला ०.४३, ८.४५ ला ०.४८, ८.५० ला ०.५१ आणि ८.६० ला ०.५२.

हे आलेखावर मांडा. ८.२० पर्यंत रेषा जवळपास सपाट, मग चढ, ८.५० नंतर पुन्हा सपाट. लाल आणि निळ्या फ्लास्कच्या बरोबर मधला आकडा ०.३७५ आहे आणि आलेख तो ८.३६ मिलीला ओलांडतो. समोर बघणारा माणूस मात्र लालसर झाक पूर्ण गेली की थांबतो, म्हणजे ८.४५ च्या आसपास.

मग खरा एंड पॉइंट कुठला, ८.३६ की ८.४५? मॅग्नेशियम असलेल्या पाण्यात पीएच १० ला तुल्यबिंदू मधल्या रंगाच्या किंचित पुढे येतो, पक्का निळा त्यानंतर एक-दोन थेंबांनी. पण व्यवहारात यावर वाद घालत बसायची गरज नसते. जो नियम नमुन्याला लावला तोच नियम ईडीटीएचं प्रमाणीकरण करताना लावला की फरक जवळपास कटतो. १ मिलीत १ मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट असलेलं प्रमाण द्रावण १० मिली घ्या, ५० मिलीपर्यंत पातळ करा आणि अगदी तशाच मांडणीत टायट्रेट करा. समजा मध्यरंगाच्या नियमाने १०.०० मिली आले. मग नमुन्याचा कठीणपणा ८.३६ गुणिले २०, म्हणजे १६७.२. पक्क्या निळ्याच्या नियमाने प्रमाण द्रावणाला १०.१० लागले असतील, तर ८.४५ ला १०.०० ने गुणून १०.१० ने भागा आणि २० ने गुणा. उत्तर १६७.३. दोन्ही वाटांनी १६७ येतं. घोटाळा तेव्हाच होतो जेव्हा प्रमाणीकरण डोळ्याने केलेलं असतं आणि नमुना फोटोने वाचलेला असतो. तसं अजिबात करू नका.

प्रमाण द्रावणात नुसतं कॅल्शियम असतं आणि मॅग्नेशियमशिवाय या इंडिकेटरचा रंगबदल फिसकटतो. म्हणून बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए घातलेलं हवं. प्रयोगशाळेतली बफरची बाटली कशी बनवली आहे ते विचारून घ्या.

फोटो चांगले असूनही आलेख बिघडतो तेव्हा

आलेखाची खरी किंमत इथे कळते. एकटा फोटो तुम्हाला रंग दाखवतो, रंगबदल नीट झाला की नाही ते मालिकाच सांगते.

चढ लांबट असेल, म्हणजे चार-पाच थेंबांऐवजी रंग अर्धा-पाऊण मिली रेंगाळत बदलत असेल, तर आधी पीएच तपासा. बफरची बाटली वारंवार उघडली की अमोनिया उडून जातो, आपल्याकडच्या उकाड्यात लवकरच. पीएच १० च्या खाली घसरला की मॅग्नेशियम आणि इंडिकेटरची पकड ढिली होते आणि रंग आधीपासूनच बदलायला लागतो. फोटोत याची खूण म्हणजे सुरुवातीचा फ्लास्कही स्वच्छ लाल नसतो. ताजा बफर घालून पुन्हा करा.

आलेख चढतो पण खऱ्या निळ्यापर्यंत पोचतच नाही, जांभळ्यावर अडतो. हे जांभा दगडातल्या विहिरींत अपेक्षितच धरा, कारण तिथल्या पाण्यात लोह असू शकतं. लोह आणि अॅल्युमिनियम इंडिकेटरला इतकं घट्ट धरतात की ईडीटीएला ते सोडवता येत नाही. पण हे ओळखण्यात एक अडचण आहे. तुमचा निळा फ्लास्कही त्याच विहिरीच्या पाण्याचा आहे, तोही तसाच अडकलेला असेल आणि दोन्ही आकडे छान जुळतील. म्हणून दिवसातून एकदा डिस्टिल्ड पाणी, बफर, इंडिकेटर आणि ईडीटीएचा एक थेंब असा चौथा फ्लास्क करून विहिरीच्या निळ्या फ्लास्कशेजारी ठेवून फोटो घ्या. डिस्टिल्ड पाण्याचा निळा स्पष्टपणे जास्त निळा असेल, तर विहिरीच्या पाण्यात अडथळा आहे. बफरच्या आधी थोडं ट्रायइथेनॉलअमाइन घातलं की लोह आणि अॅल्युमिनियम बांधले जातात. जुन्या कृतींत यासाठी सायनाइड सांगितलेलं असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते हाताळू नका.

निळा येतो आणि मिनिटाभरात पुन्हा लालसर होतो, हा तिसरा प्रकार. साचलेलं किंवा गाळातलं कॅल्शियम कार्बोनेट सावकाश विरघळत असतं आणि नवं कॅल्शियम बाहेर येत असतं. हे पकडायला शेवटच्या फोटोनंतर ३० सेकंदांनी तोच फ्लास्क न हलवता आणखी एक फोटो घ्या. आकडा खाली आला असेल तर पाणी आधी गाळून घ्या, आणि ईडीटीएचा मोठा भाग बफरच्या आधी टाकण्याची युक्ती पाळा.

याच्या उलट, निळा लालसर न होता नुसता फिकट आणि राखाडी होत गेला तर इंडिकेटरच नष्ट होतोय. मँगनीज असलेल्या पाण्यात हे भरभर होतं, थोडं हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घातलं की थांबतं. लाल चॅनेल एकटा बघितला तर ‘पुन्हा लाल होणं’ आणि ‘फिकट होणं’ दोन्ही सारखेच दिसतात, आकडा खालीच येतो. अशा वेळी हिरवा चॅनेलही काढा. वाइन-लाल रूप हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे पुन्हा लाल होत असेल तर हिरव्यातलं शोषण वाढतं. फिकट होत असेल तर लाल आणि हिरवा दोन्हींतलं शोषण घटतं. तुमचा ठेवणीतला निळा फ्लास्कही तासाभरात असा फिका पडू शकतो. दर नव्या विहिरीच्या वेळी तो नवा करा.

लाल-हिरव्याचा फरक डोळ्याला कमी जाणवतो असे विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असू शकतात, आणि एरिओक्रोमचा बदल त्यांना फार छळतो. त्यांच्यासाठी ही आलेखाची पद्धत सोय म्हणून न बघता नेहमीची पद्धत म्हणूनच वापरावी.

शेवटी तुमच्या विहिरींबद्दल. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरीत उन्हाळ्यात खारं पाणी शिरतं तिथे मॅग्नेशियम वाढतं, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट असतं. अशा नमुन्यांत रंगबदल खणखणीत येतो, पण ५० मिलीला ईडीटीए १५ मिलीच्या वर जाऊ शकतो. तेव्हा नमुना २५ मिली घ्या, ५० पर्यंत पातळ करा आणि २० ऐवजी ४० ने गुणा. तुलनेसाठी आतल्या भागातली, सत्तरी-सांग्याकडची जांभ्यातली विहीर घेतलीत तर पाणी बरंच मऊ निघण्याची शक्यता आहे. ५० मिलीला एक-सव्वा मिलीच लागला, तर मध्यरंग आणि पक्का निळा यांच्यातला ०.१ मिलीचा फरक थेट आठ ते दहा टक्क्यांच्या घरात जातो, आणि १० मिलीच्या प्रमाणीकरणाने तो कटतही नाही. तिथे नमुना किमान १०० मिली घ्या, बफर आणि इंडिकेटर त्याच प्रमाणात वाढवा, तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्याचं ब्लँक त्याच तीन फ्लास्कांच्या मांडणीत वाचा आणि नमुन्याच्या रीडिंगमधून वजा करा.